शाळा उघडण्याआधी स्टेशनरीच्या दुकानासाठी यमक जुळणाऱ्या ओळी: कशा बांधायच्या, कुठे लावायच्या

प्रश्न: तालुक्याच्या गावी माझं छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. माल साधा, दर कमी. जूनमध्ये शाळा सुरू होतील, त्याआधी एक फ्लेक्स, दारातला फळा आणि रिक्षावरचा भोंगा यासाठी यमक जुळणाऱ्या ओळी हव्या आहेत. मला ‘स्वस्त आणि मस्त’च्या पुढे काही सुचत नाही. आठदहा तयार ओळी द्या आणि आपल्या आपण कशा जुळवायच्या तेही सांगा.

उत्तर:

‘स्वस्त आणि मस्त’ सुचतं, कारण आपण दुकानाचं कौतुक करायला बसतो आणि कौतुकाचे शब्द मोजकेच आहेत. ते केळीवाल्यापासून कपड्याच्या सेलपर्यंत सगळ्यांनी वापरलेले आहेत. म्हणून सुरुवात दुकानापासून न करता वस्तूपासून करा. वही, दप्तर, कंपास, खडू, खोडरबर, पेन्सिल, लेबल, कव्हर असे तुमच्या गल्ल्यावर जूनमध्ये सर्वांत जास्त खपणारे शब्द कागदावर एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर त्याच्याशी जुळणारे शब्द लिहा आणि त्यातला शाळेच्या किंवा घरखर्चाच्या जगातला शब्द तेवढा ठेवा. कंपासला पास, खास, झकास, पन्नास जुळतात. त्यातले ‘पास’ आणि ‘पन्नास’ कामाचे, ‘झकास’ पुन्हा कौतुकाचाच. खडूला रडू, दप्तरला उत्तर आणि सत्तर, शंभरला नंबर, लेबलला टेबल. आणि वह्यांना? सह्या. इथे थांबायला हरकत नाही, कारण वहीवर बाईंची सही हे प्रत्येक घराला माहीत असलेलं चित्र आहे. ही एक ओळ कशी घडते ते आधी पूर्ण पाहू, मग बाकीच्या देतो.

पहिला कच्चा मसुदा साधारण असा निघेल: ‘एक डझन वह्या, वर्षभराच्या सह्या’. अर्थ बरोबर आहे, यमकही आहे, पण मोठ्याने म्हटलं की दुसरा भाग लांबतो आणि जीभ घाईला येते. हे नुसत्या कानाने कळतं. कुठे बिघडलं ते शोधायला मात्रा मोजाव्या लागतात. अ, इ, उ असलेलं ऱ्हस्व अक्षर १ मात्रेचं, दीर्घ किंवा अनुस्वार असलेलं अक्षर २ मात्रांचं. जोडाक्षराच्या आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर जोर पडत असेल तर तेही २ धरायचं, जसं ‘दप्तर’मधला द. ‘वह्या’ आणि ‘सह्या’ यांत मात्र तो जोर येत नाही, म्हणून व आणि स १ मात्रेचेच. या हिशेबाने वरच्या मसुद्याचा पहिला भाग ९ मात्रांचा होतो आणि दुसरा ११ चा. मराठी कानाला सवय ८ आणि ८ ची आहे. पादाकुलक या वृत्ताची ओळ ८ आणि ८ अशा १६ मात्रांची असते, आणि आपली कितीतरी बडबडगीतं याच ठेक्यावर चालतात. म्हणून दोन्ही भाग ८ वर आणायचे. ‘एक डझन’चं ‘डझनभर’ केलं, ‘वर्षभराच्या’चं ‘वर्षभर’ केलं:

डझनभर वह्या, वर्षभर सह्या!

आता ड-झ-न-भ-र-व या ६ मात्रा आणि ‘ह्या’च्या २, झाल्या ८. ‘वर्षभर सह्या’ही ८. शिवाय ‘भर’ दोन्हीकडे आल्याने ओळीच्या पोटात आणखी एक जुळणी झाली. ‘स्वस्त’ हा शब्द कुठेच नाही, पण डझनाने घ्यायचं आणि वर्षाची काळजी मिटवायची हे गिऱ्हाइकाला कळलं. दर खाली वेगळ्या अक्षरांत लिहायचा. समजा वहीची छापील किंमत ४५ रुपये आहे. डझनाचे ५४० होतात आणि तुम्ही ४२० ला देता. मग ओळीखाली फक्त ‘१२ वह्या ४२० रुपये, १२० ची बचत’ एवढंच. यमकाच्या ओळीत हा हिशेब कोंबू नका, तिथे तो बसत नाही.

यमक किती घट्ट हवं, हा प्रश्न लगेच येतो. शेवटचं अक्षर जुळलं म्हणजे यमक झालं असं समजून ‘वही’ला ‘नाही’ लावतात. कान ते घेत नाही, कारण शेवटून दुसरा स्वर वेगळा आहे: एकीकडे अ, दुसरीकडे आ. शेवटचं अक्षर आणि त्याच्या आधीचा स्वर ही दोन्ही जुळली पाहिजेत. व्यंजनात थोडी सूट चालते. त-प, द-ध, ब-भ असे फरक बोलताना खपून जातात, म्हणून ‘दप्तर-उत्तर’, ‘यादी-आधी’, ‘शंभर-नंबर’ या जोड्या कवितेत कच्च्या ठरल्या तरी पाटीवर चांगल्या चालतात. ‘चुकलं अक्षर? घ्या खोडरबर!’ ही ओळ मात्र मध्येच अडकते. मात्रा ८-८ बरोबर आहेत, पण ‘क्षर’ आणि ‘बर’ यांत जुळतं ते फक्त ‘अर’. चालवायची तर चालवा, पण फ्लेक्सवर नको.

काही वस्तूंना यमकच नाही. पेन्सिलला धड काही जुळत नाही आणि ‘पेन’ला जुळणारे शब्द शाळेच्या कामाचे नाहीत. पेनाची आणखी एक अडचण अशी की कोणी ‘तो पेन’ म्हणतं, कोणी ‘ती पेन’, कोणी ‘ते पेन’. त्याच्यापुढे ‘नवा’ किंवा ‘नवं’ लावलं की निम्म्या गावाला ते खटकतं. अशा शब्दांना ओळीच्या शेवटी न बसवता आत घ्या आणि शेवटी दुसरा शब्द ठेवा. बालवाडी-पहिलीच्या मालासाठी ही जोडओळ तशीच बांधली आहे:

पाटी, पेन्सिल, वही अन् खडू,
नव्या वर्गात कशाला रडू!

दोन्ही ओळी १६ मात्रांच्या. पहिल्यांदा ‘नको रे रडू’ सुचतं आणि मात्राही तेवढ्याच भरतात, पण ‘रे’ने मुली बाहेर पडतात. ‘कशाला रडू’ म्हटलं की बोलणारं मूलच होतं, मुलगा असो की मुलगी. ‘अन्’ऐवजी ‘नि’ लिहाल तर एक मात्रा कमी पडेल आणि ओळ खडूआधी लंगडेल, म्हणून ‘अन्’च ठेवा.

आता किमतीकडे येऊ. कमी दराच्या दुकानाची खरी ताकद आकड्यात असते आणि मराठीत आकड्यांना यमकं चांगली सापडतात. दहा-पहा, पन्नास-पास, शंभर-नंबर, बारा-सारा, साठ-पाठ. यातूनच ही कंपासपेटीची जोडओळ:

गणितामध्ये व्हायचं पास?
फक्त पन्नास, नवा कंपास!

इथे तीन शब्द जुळतात, म्हणून ती एकदा ऐकली तरी राहते. पण तिची एक अट आहे: पेटी पन्नासलाच मिळाली पाहिजे. ५५ ला विकायची वेळ आली तर ओळ फळ्यावरून पुसायची, ‘पन्नासच्या आसपास’ अशी पळवाट काढायची नाही. याच कारणासाठी ४९ किंवा ९९ असे दर घोषवाक्यात निरुपयोगी आहेत. ‘एकोणपन्नास’ उच्चारतानाच १० मात्रा होतात आणि ‘नव्याण्णव’ला जोडीदार सापडत नाही. ज्या वस्तूवर ओळ करायची तिचा दर पूर्ण आकड्यावर आणा, बाकीच्यांना हवं ते लावा. आणि ओळीत आकडा अक्षरांत लिहा. ‘फक्त ५०’ लिहिलं तर डोळा किंमत वाचतो, ‘पन्नास’ म्हणत नाही, आणि यमक हरवतं. अंकातली किंमत खाली मोठी लिहिता येते.

दप्तराच्या बाबतीत यमक आपल्याला फसवतं. ‘दप्तर’ म्हटलं की ‘सत्तर’ सुचतं, ओळ पटकन जमते, पण सत्तर रुपयांत टिकेल असं दप्तर कोण देणार? मग ‘सत्तरपासून पुढे’ असं बारीक अक्षरात लिहावं लागतं, आणि गिऱ्हाईक आत येऊन सत्तरचं दप्तर मागतं. ओळीमुळे गल्ल्यावर वाद होणार असेल तर ती कितीही गोड असली तरी टाकून द्या. दप्तराला दराऐवजी गुण लावा:

सांगा, कुठलं पक्कं दप्तर?
डबल शिलाई, एकच उत्तर!

ही ओळ जिथे लावाल तिथे एक दप्तर उलटं करून टांगा, म्हणजे पट्टा जिथे शिवलेला असतो ती जागा आतून दिसेल. दप्तर बहुतेकदा तिथूनच उसवतं आणि पालकांना ते माहीत असतं. शिलाई एकेरी असेल तर ही ओळ वापरू नका.

पेन्सिलच्या डबीसाठी:

पेन्सिली दहा, तासून पहा!

यातला ‘तासून’ महत्त्वाचा आहे. स्वस्त पेन्सिलींबद्दल सगळ्यांची एकच तक्रार असते: तासता तासता टोक तुटतं. शिसं लाकडाच्या बरोबर मध्यावर नसलं की एका बाजूचं लाकूड पातळ राहतं आणि टोकयंत्रात फिरताना शिसं तुटतं. घाऊकवाल्याकडून डबी घेताना पेन्सिलीचं मागचं टोक उजेडाला धरून पाहा, शिसं एका कडेला गेलेलं लगेच दिसतं. अशी डबी परत करा, आणि मग बिनधास्त गल्ल्यावर टोकयंत्र बांधून ठेवा. मुलं खरंच तासून पाहतात. ‘लिहून पहा’ही चालेलसं वाटतं, पण त्यात एक मात्रा कमी पडते आणि ‘तासून’इतकं नेमकं ते नाही.

वहीच्या पानांची ओळ करताना सर्वांत जास्त घोटाळा होतो. बाजारात सर्रास ‘दोनशे पानी’ म्हणून विकली जाणारी वही उलटून पाहिली तर मागे १७२ पानं छापलेली असू शकतात. ‘शंभर पानी’त ९२ असू शकतात. बोलीभाषेत ते चालून जातं. तुमच्या फ्लेक्सवर ते लिहिलं की तो तुमचा दावा होतो, आणि एखादे आजोबा पानं मोजून आणतात. म्हणून ही ओळ वहीच्या मागचा आकडा पाहूनच वापरा:

पानं शंभर, एकच नंबर!

खात्री नसेल तर आकडा नसलेली ओळ घ्या:

भाव रास्त, पानं जास्त!

ही ६-७ मात्रांची आहे, म्हणून आखूड आणि ठाशीव वाटते. ‘स्वस्त-मस्त’च्याच सुराची असूनही वेगळी, कारण ‘रास्त’ हा शब्द पाट्यांवर फार घासलेला नाही. पण ‘जास्त’ म्हटलं की कशापेक्षा, हा प्रश्न येतोच. त्याच दराच्या दुसऱ्या वहीची पानं आणि तुमच्या वहीची पानं बाजूला लिहून ठेवा. पानं जास्त पण आकार लहान, अशी वही असेल तर ही तुलना उलटेल, तेव्हा दोन्ही वह्या एकाच आकाराच्या घ्या.

गर्दी पसरवण्यासाठी एक ओळ फार उपयोगी पडते. शाळा उघडण्याच्या आदल्या शनिवार-रविवारी दुकानात उभं राहायला जागा नसते आणि नेमकी तेव्हाच चौकटी वही संपते. पालकांना आठवडाभर आधी आणायचं तर:

आणा यादी, गर्दीआधी!

शाळेकडून आलेली यादी आणून ठेवली तर माल काढून पिशवी भरून ठेवू, असं खाली एका ओळीत लिहा. यादी ठेवून जाणाऱ्याचं नाव, इयत्ता आणि फोन यादीवरच लिहून घ्या. या यादीतून एकरेघी, दुरेघी, चाररेघी, चौकटी यांतलं काय किती लागणार हेही आधी कळतं.

पावसाळी कव्हरासाठी एक छोटी ओळ आहे, ती ६-६ ची:

आली सर, घ्या कव्हर!

पावसाच्या सरीबरोबर शाळेतले सरही कानाला जाणवतात, तेवढी गंमत पुरे. ‘आले सर’ करून कोटी वाढवायला जाल तर कव्हर कशाचं ते कळेनासं होईल.

जमलेली पण टाकलेली एक जोडओळही दाखवतो, कारण अशा ओळींचा मोह सर्वांना होतो: ‘डझनासोबत मोफत लेबल, सजेल आता घरचं टेबल’. मात्रा १६-१६, यमक पूर्ण घट्ट. पण कमी दराच्या दुकानात येणाऱ्या कितीतरी घरांत मूल जमिनीवर बसून मांडीवर वही घेऊन लिहितं. टेबल यमकाने आणलं आहे, गिऱ्हाइकाच्या घरातून आलेलं नाही. अशा वेळी अर्धीच ओळ ठेवा: ‘डझनासोबत मोफत लेबल’. यमकाशिवायही ती सांगायचं ते सांगते.

आता कुठली ओळ कुठे लावायची. हे अंतरावर ठरतं. पाटीच्या कामात एक ढोबळ नियम वापरतात: १० फुटांवरून आरामात वाचायला १ इंच उंचीचं अक्षर. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरायची. वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांना वेगळी जागा लागते, म्हणून एका ओळीला अक्षराच्या साधारण दुप्पट उंची सोडा. समजा फ्लेक्स ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच आहे, म्हणजे ७२ बाय ३६ इंच. लोक ६० फुटांवरून, रस्त्याच्या पलीकडच्या एसटी थांब्यावरून पाहणार असतील तर अक्षर ६ इंचांचं हवं आणि प्रत्येक ओळीला १२ इंच. ‘डझनभर वह्या’ ७ अक्षरांची, मधली मोकळी जागा धरून ८. अक्षराची रुंदी उंचीइतकी धरली तर ४८ इंच, म्हणजे बसते. तिच्याखाली ‘वर्षभर सह्या’. दोन ओळींना २४ इंच गेले, उरलेल्या १२ इंचांत दुकानाचं नाव. बस, फ्लेक्स भरला. यात आणखी पाच वस्तूंची नावं आणि हसऱ्या मुलाचा फोटो टाकलात तर थांब्यावरून काहीच वाचता येणार नाही.

‘पाटी, पेन्सिल, वही अन् खडू’सारखी लांब ओळ याच फ्लेक्सवर ६ इंचांच्या अक्षरांत मावणार नाही. तिला मोकळ्या जागा धरून १५ अक्षरांची रुंदी लागते, म्हणजे ९० इंच. ३० फुटांवरून वाचायची असेल तर अक्षर ३ इंचांचं होतं, ओळ ४५ इंचांत बसते, आणि जोडओळीला उंची १२ इंच पुरते. म्हणून १६-१६ मात्रांच्या जोडओळी दाराजवळ, गल्ल्यावर, कपाटाच्या फळीवर लावा. ८-८ च्या आखूड ओळी रस्त्याकडे. किंमत असलेली प्रत्येक ओळ दारातल्या फळ्यावर खडूने लिहा, फ्लेक्सवर कधीच नको, कारण फ्लेक्स वर्षभर टांगला जातो आणि दर तोपर्यंत टिकत नाहीत.

फ्लेक्स छापायला देताना अर्ध्या चुका संगणकावर होतात. तुम्ही मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. छपाईवाल्याकडे जुने, वेगळ्या सांकेतिक रचनेचे मराठी फाँट असतात, किंवा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नसते. मग वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षर फुटून मध्ये पाय मोडलेलं अक्षर दिसतं, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. तुमच्या ओळींत हे तिन्ही धोके आहेत. म्हणून छापण्याआधी नमुना मागवा आणि त्यात चार शब्द बोट ठेवून पाहा: पेन्सिल, वह्या, दप्तर, गर्दी. पेन्सिलमध्ये ‘न्स’ जोडलेला आहे आणि वेलांटी त्याच्या आधी आहे का, ‘ह्या’ अखंड आहे का, ‘प्त’ फुटलाय का, रफार ‘दी’वर आहे का. हे चार बरोबर असतील तर बाकी बहुधा बरोबरच येतं. नमुना पास झाला की मजकुराचं आकारांत रूपांतर करून घ्यायला सांगा, म्हणजे दुसऱ्या संगणकावर फाइल उघडल्यावर पुन्हा बिघडणार नाही. बोलीतली रूपं, म्हणजे ‘पानं’, ‘चुकलं’, ‘पक्कं’, छपाईवाला कधी कधी आपणहून ‘पाने’, ‘चुकले’, ‘पक्के’ करतो. मात्रा बदलत नाहीत, पण ओळीचा बोलका सूर जातो, म्हणून अनुस्वार तपासा. दुकानाचं नाव इंग्रजीतही घालणार असाल तर महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर नामफलकावरची मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, हे लक्षात ठेवा. रस्त्यावर किंवा खांबावर फ्लेक्स लावायचा तर नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्या.

भोंग्याचं गणित वेगळं आहे. रिक्षा ताशी १५ किलोमीटरने चालली तर १२ सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. दारात उभ्या माणसाला तुमच्या घोषणेचा एखादा तुकडाच ऐकू येतो. म्हणून प्रत्येक ओळ एकटी समजली पाहिजे, आणि दुकानाचं नाव व जागा शेवटी एकदाच न येता दर दोन ओळींनंतर आली पाहिजे. क्रम असा लावता येईल:

आणा यादी, गर्दीआधी!
डझनभर वह्या, वर्षभर सह्या!
(दुकानाचं नाव, एसटी स्टँडसमोर)
पेन्सिली दहा, तासून पहा!
भाव रास्त, पानं जास्त!
(दुकानाचं नाव, एसटी स्टँडसमोर)

पहिल्या तीन ओळी ८-८ च्या आणि चौथी ६-७ ची, त्यामुळे शेवटी ठेका आखडतो आणि नाव वेगळं उठून येतं. कंपासची ओळ इथे घेतलेली नाही, कारण तिचा पहिला भाग प्रश्न आहे. रिक्षा पुढे गेली की लोकांना नुसता प्रश्नच ऐकू येईल. ध्वनिमुद्रणासाठी आवाज शाळेतल्या मुलाचा घ्या, पण पार्श्वसंगीत टाकू नका. भोंग्यात आधीच आवाज फाटतो आणि ‘सह्या’चा ह संगीताखाली बुडतो. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागतो, तो आठवडाभर आधी द्या.

दाव्यांबद्दल एवढंच बघा. ‘मोफत लेबल’ म्हटलं तर त्याचे पैसे दुसऱ्या नावाने लावता येत नाहीत. ‘फक्त पन्नास’ म्हटलं तर त्या दराचा माल पुरेसा असायला हवा, कमी असेल तर ‘साठा असेपर्यंत’ हे तिथेच वाचता येईल अशा अक्षरात लिहायला हवं. ग्राहक संरक्षणाच्या २०२२ च्या जाहिरात नियमांत लोकांना आत ओढण्यासाठी दाखवलेल्या दरांबद्दल हेच सांगितलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि टोकयंत्र यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. तेव्हा ‘आमच्याकडे कर नाही’ अशी ओळ सवलत म्हणून लावू नका, ती सवलत तुमची नव्हे.

ओळ लावण्याआधी एक चाचणी घ्या. दुकानात आलेल्या चौथी-पाचवीतल्या मुलाला ती एकदा म्हणून दाखवा, त्याचं सामान बांधा, आणि पिशवी देताना विचारा की मघाशी काय म्हटलं. शब्द तसेच आले तर ओळ ठेवा. त्याने एखादा शब्द बदलून म्हटली आणि ती तरीही जमली, तर त्याचाच शब्द घ्या, कारण बोलताना तोच सोपा जातो. मधला भाग विसरला तर तिथे एखादी मात्रा कमी-जास्त असण्याची शक्यता मोठी.

वेळापत्रक शाळांवर बांधा. राज्य मंडळाच्या शाळा बहुतेक ठिकाणी जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. गावात सीबीएसईची शाळा असेल तर तिचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं, त्या मुलांना यादीची ओळ लागू पडत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात फळ्यावर ‘आणा यादी, गर्दीआधी’ लिहा. शाळा उघडायला आठवडा राहिला की भोंगा सुरू करा आणि फळ्यावर कंपासची जोडओळ आणा. शाळा उघडली त्या दिवशी यादीची ओळ पुसून टाका आणि तिथे ‘आली सर, घ्या कव्हर’ लिहा.